ही उन्हाळी नव्हे

आमच्या कोकणात लघवीला जळजळ झाली की एकच शब्द असतो, उन्हाळी. आणि उन्हाळीवर औषधही घरोघरी ठरलेले: कोकम सरबत प्या, लिंबूपाणी प्या, धणे-जिरे भिजवून त्याचे पाणी घ्या. तीन वर्षांपूर्वी मला ओटीपोटात दुखू लागले तेव्हा अम्मीने हेच सांगितले. मी दिवसातून तीनदा कोकम सरबत प्यायले आणि दर वेळी अर्ध्या-पाऊण तासात दुखणे दुप्पट झाले. अम्मी म्हणाली, "उष्णता फार साठलीय, आणखी पी." मी आणखी प्यायले.

हा लेख लिहिताना संकोच वाटतो. लघवीविषयी बाईने चारचौघांत बोलायचे नाही, ही शिस्त आपल्या घरांत पक्की आहे. पण याच शिस्तीमुळे माझे दीड वर्ष चुकीच्या औषधांत गेले. म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहिते आहे.

माझे दुखणे असे होते. मूत्राशय भरू लागले की नाभीच्या खाली दाबल्यासारखे, मग चावल्यासारखे दुखायचे. लघवी करून आले की दहा-पंधरा मिनिटे बरे वाटायचे. मग पुन्हा तेच. लघवी करताना जळजळ मात्र फारशी नसायची. ताप नाही, लघवीला वास नाही, रक्त नाही. आज मला कळते की निदानाची किल्ली याच चार ओळींत होती. जंतुसंसर्गात बहुधा लघवी होताना आग होते आणि झाल्यावरही तिडीक उरते. माझे दुखणे भरताना वाढत होते आणि रिकामे झाल्यावर उतरत होते. हा फरक मला कोणी विचारला नाही आणि मीही सांगितला नाही. मी फक्त "लघवीचा त्रास" एवढेच म्हणत असे.

गावातल्या डॉक्टरांनी लघवी तपासली, चार-पाच पस सेल दिसल्या आणि पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. खरे तर एवढ्या पेशी निरोगी माणसाच्या लघवीतही सापडू शकतात. गोळ्यांनी थोडे बरे वाटले. हे दुखणे मुळातच चढते-उतरते असते, त्यामुळे उताराचे श्रेय गोळीला मिळाले. तीन आठवड्यांनी पुन्हा दुखले, पुन्हा गोळ्या. दीड वर्षात असे सात कोर्स झाले. कल्चर दोनदाच केले आणि दोन्ही वेळा गोळ्या सुरू झाल्यानंतर. अशा कल्चरमध्ये जंतू दिसले नाहीत तर ते मुळात नव्हते की औषधाने मेले, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणजे पैसे गेले आणि उत्तर मिळाले नाही.

शेवटी एक डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. टेन्शन घेऊ नका, मन रमवा." मी शाळेत शिकवते. वर्गातून तासाला दोनदा बाहेर जाणाऱ्या बाईने मन कुठे रमवायचे?

मोठ्या शहरातल्या मूत्ररोगतज्ज्ञ बाईंकडे नणंद घेऊन गेली, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दुखणे लघवी करताना होते, की लघवी साठताना?" मला रडू आले. मग त्यांनी दोन कामे दिली. पहिले, कोणतेही अँटिबायोटिक न घेता दोन आठवडे थांबून सकाळच्या लघवीचे कल्चर. जागा पाण्याने धुऊन, सुरुवातीची धार सोडून, मधल्या धारेचा नमुना. दुसरे, तीन दिवसांची वही. खुणा असलेला प्लास्टिकचा मग घ्यायचा, दर वेळी वेळ आणि माप लिहायचे, बाजूला काय खाल्ले-प्यायले ते आणि दुखणे शून्य ते दहापैकी किती ते.

माझ्या वहीत दिवसाला सरासरी 17 वेळा नोंद होती, त्यातल्या 4 रात्रीच्या. एका वेळचे माप बहुतेकदा 80 ते 100 मिली, सगळ्यात जास्त 140. निरोगी मोठ्या माणसाला एका वेळी साधारण 300 ते 400 मिली सहज साठवता येते. बाईंनी बेरीज केली तर दिवसाची लघवी दीड लिटरच्या आसपास भरली. त्या म्हणाल्या, "मधुमेहात वारंवार जावे लागते, पण तिथे दर वेळी भरपूर होते आणि दिवसाची बेरीज खूप वाढते. तुमची बेरीज ठीक आहे, वाटे बारीक आहेत. तुम्ही कशाला उठता, कपडे ओले होतील म्हणून?" मी म्हटले, "नाही, दुखते म्हणून." हाही फरक महत्त्वाचा होता. अतिसंवेदनशील मूत्राशयाच्या आजारात माणूस गळण्याच्या भीतीने धावतो. या आजारात दुखणे थांबवायला.

कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत. पण बाईंनी लगेच नाव दिले नाही, आणि हे मला फार आवडले. आपल्या देशात कल्चर कोरे आणि मूत्राशय आखडलेले असेल तर क्षयरोग आधी वगळावा लागतो, कारण क्षयाचे जंतू साध्या कल्चरमध्ये वाढतच नाहीत. त्यासाठी लघवीची वेगळी तपासणी झाली. सोनोग्राफीत खडा नव्हता, लघवीत रक्त नव्हते. दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहिले, तिथे गाठ नव्हती. त्यांनी आणखी एक गोष्ट शोधली. 1915 साली बाल्टिमोरच्या गाय हन्नर या डॉक्टरांनी काही स्त्रियांच्या मूत्राशयातल्या लालसर व्रणांचे वर्णन केले होते. ते आजही हन्नरचे व्रण म्हणून ओळखले जातात. थोड्याच रुग्णांत ते असतात, पण असले तर विजेने जाळून चांगला आराम मिळतो. माझ्यात ते नव्हते. मग त्यांनी नाव लिहिले: इंटरस्टिशियल सिस्टायटिस. सहा आठवड्यांहून जास्त काळ मूत्राशयाशी जोडलेले दुखणे, वारंवार लघवी, आणि संसर्ग किंवा दुसरे कारण सापडत नाही, असा त्याचा अर्थ. मूत्राशयाचे आतले संरक्षक अस्तर विरळ होते आणि लघवीतले क्षार नसांना झोंबतात, असे एक स्पष्टीकरण आहे; नसाच अतिसावध होतात, असे दुसरे. पूर्ण कारण अजून सापडलेले नाही. मनाचे खूळ मात्र हे नव्हे.

आता खाण्याकडे येते, कारण आपल्या घरांत चूक इथेच होते. वही पाहून बाईंनी चहा, कॉफी, लिंबूवर्गीय फळे, टोमॅटो, तिखट मिरची, चिंच, कोकम आणि बाटलीतली फसफसणारी पेये तीन आठवडे बंद केली. मग दर तीन दिवसांनी एकच वस्तू थोड्या प्रमाणात परत आणायची. चौथ्या आठवड्यात अर्धा कप चहा घेतला, दोन तासांत दुखणे दोनवरून सहावर गेले. टोमॅटोनेही तसेच. हिरवी मिरची थोडी चालली. चिंचेच्या कालवणाने एक रात्र जागवली. कोकमाने तर अम्मीच्या उपचाराचे कोडे सोडवले: उन्हाळी समजून मी जे औषध पीत होते, तेच आगीत तेल होते. भात, डाळ, नारळाच्या दुधातले मासे, केळी, पेर यांनी काही झाले नाही. पण ही यादी माझी आहे. दुसरीच्या मूत्राशयाला टोमॅटो सोसेल आणि केळे सोसणार नाही. म्हणूनच कोणाची यादी उचलू नका, आपली वही करा. सगळेच कायमचे सोडून बाई अशक्त झाली, असेही व्हायला नको.

पाणी कमी करण्याची चूकही मी केली होती. कमी प्यायले तर कमी जावे लागेल, असे वाटायचे. उलट लघवी गडद होते आणि जास्त झोंबते. दिवसभर थोडे थोडे पाणी हेच बरे.

इथे रमजानचा प्रश्न येतो. तेरा-चौदा तास पाण्याविना राहायचे आणि मग इफ्तारला लिंबाचे सरबत, संत्री-अननसाचे फ्रूट चाट, वर चहा! त्या वर्षी मी नऊ रोजे धरले आणि दहाव्या दिवशी जमिनीवर लोळले. कुरआनात सूरह बकरामध्ये आजाऱ्याला स्पष्ट सवलत आहे, राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. ही सवलत आपण मधुमेही आजोबांना सहज देतो. पण सुनेने "लघवीच्या त्रासामुळे रोजा नाही" म्हटले की भुवया उंचावतात, कारण तिचा आजार दिसत नाही. नमाजचेही तसेच. लघवी रोखून नमाज पढू नये हे मी मदरशात शिकले, आणि मोठी झाल्यावर घरात पुन्हा वुजूला उठले की टोमणे ऐकले. धर्माने दिलेली मोकळीक घराने काढून घेऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

उपचाराविषयी थोडक्यात. मला रात्री अमिट्रिप्टिलीन 10 मिलिग्रॅम दिली. नणंदेने पाकीट वाचून "ही तर डिप्रेशनची गोळी" म्हटले. पण इतक्या कमी मात्रेत ती नसांचे दुखणे शांत करायला देतात. सकाळी गुंगी आणि तोंडाला कोरड असते, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. दुसरे, फिजिओथेरपी. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळून मी घट्ट केले होते. ते सैल करायला शिकवले. बाळंतपणानंतर सांगतात ते आवळायचे व्यायाम अशा रुग्णांनी करू नयेत, त्याने दुखणे वाढते. तिसरे, दुखणे उतरल्यावर दोन फेऱ्यांतले अंतर दहा-दहा मिनिटांनी वाढवणे. आठ महिन्यांनी माझी वही दिवसाला 10 वेळा आणि एका वेळी 200 मिली दाखवते. बरी झाले म्हणणार नाही. परीक्षेच्या दिवसांत आणि पाळीआधी दुखणे अजूनही उसळते.

मला दोनच मागण्या मांडायच्या आहेत. डॉक्टरांनी लघवीच्या तक्रारीवर दुसऱ्यांदा अँटिबायोटिक लिहिण्याआधी कल्चर करावे, तेही गोळी सुरू करण्यापूर्वी. आणि ते कोरे आले तर बाईला घरी पाठवण्याऐवजी पुढे पाठवावे. बायांनी "लघवीचा त्रास" एवढे म्हणून थांबू नये. दुखते भरताना की होताना, रिकामे झाल्यावर उतरते का, काय खाल्ल्यावर चढते, हे सांगावे. लघवीत रक्त दिसले किंवा ताप आला तर मात्र वही करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

अम्मी आता सरबत करते तेव्हा माझ्यासाठी साधे पाणी वेगळे ठेवते. परवा शेजारीण उन्हाळीची तक्रार घेऊन आली, तर कोकम देण्याआधी अम्मीने तिला विचारले, "बाय, साठताना दुखतंय का होताना?"