तेवीस मीटर, पुढे काही नाही

रात्रीच्या प्रेपसाठी सरांनी दिलेलं गणित साधं होतं. १२ मीटर उंच टॉवरवरून १५ मीटर प्रति सेकंद वेगाने एक चेंडू आडवा फेकला. हवेचा रोध धरायचा नाही, g ९.८ घ्यायचा. चेंडू टॉवरच्या पायथ्यापासून किती दूर पडेल?

मी कॅल्क्युलेटर काढला आणि उत्तर लिहिलं, २३.४७३८ मीटर. माझ्या शेजारच्या पलंगावरच्या मित्राने लिहिलं, २४ मीटर. दुसऱ्या दिवशी दोघांचाही अर्धा मार्क गेला. रीत बरोबर असताना मार्क का कापावा, असं म्हणत मी दोन दिवस फुगून बसलो होतो. आता माझं मत बदललं आहे. मार्क कापला ते योग्यच झालं, आणि का ते सांगतो.

आधी माझी चूक. २३.४७३८ लिहिणं म्हणजे चेंडू कुठे पडेल हे मला मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत माहीत आहे असं म्हणणं. क्रिकेटचा चेंडूच सात सेंटिमीटर जाड असतो! शिवाय टॉवर '१२ मीटर' आहे याचा अर्थ तो ११.५ ते १२.५ च्या मध्ये कुठेही असू शकतो. वेगाचंही तसंच, १४.५ ते १५.५. मी दोन्हीकडची टोकं घालून गणित पुन्हा केलं. सगळ्यात कमी अंतर २२.२ मीटर आलं, सगळ्यात जास्त २४.८. म्हणजे २३ मधला ३ सुद्धा डळमळीत आहे. त्यापुढचे ४, ७, ३, ८ हे चार अंक मोजमापातून आलेच नाहीत, ते कॅल्क्युलेटरने दिले. दिलेल्या माहितीत दोन सार्थ अंक आहेत, म्हणून उत्तरातही दोनच हवेत: २३ मीटर.

मग मित्राचं २४ कुठून आलं? त्यानेही दोनच अंक लिहिले होते. पण त्याने राउंड ऑफ चुकीच्या जागी केलं. चेंडू खाली पडायला लागणारा वेळ १.५६४९ सेकंद येतो. त्याने तो तिथेच १.६ केला आणि १५ ने गुणला. उत्तर बरोबर २४. मीही तो वेळ पूर्ण ठेवून गुणला होता, फक्त शेवटी थांबलो नाही. म्हणून मधल्या पायऱ्यांत दोन-तीन अंक जास्तीचे जपायचे आणि कात्री फक्त शेवटच्या ओळीत चालवायची.

आमच्यातल्या एकाने तिसरीच शंका काढली. वेळेच्या सूत्रात, t = √(2h/g) मध्ये, २ हा एकच अंक आहे, मग उत्तर एका अंकात २० लिहायचं का? नाही. तो २ कोणी मोजलेला नाही, सूत्रातून आलेला आहे. तो अचूकच असतो. नियम फक्त मोजलेल्या संख्यांना लागतो.

काही जण म्हणतात, जास्त अंक लिहिले तर बिघडलं काय, कमी लिहिले तर चूक. मला उलट वाटतं. मी g ऐवजी १० धरून पाहिलं, तेव्हा उत्तर २३.२४ आलं. चार अंकांत पाहिलं तर दोन उत्तरं वेगळी, दोन अंकांत पाहिलं तर दोन्ही २३. म्हणजे ९.८ की १० यावरून आम्ही जो वाद घातला असता, तो या गणितात वादच नव्हता. जास्तीचे अंक खरा फरक आणि खोटा फरक यांतला भेद पुसून टाकतात.

मात्र एक तक्रार माझीही आहे. हा नियम अंदाजाचा आहे. २३ लिहिलं की वाचणारा २२.५ ते २३.५ समजतो, आणि आपण पाहिलं की खरी मर्यादा त्याहून मोठी आहे. शिवाय पुस्तकं स्वतःच बेफिकीर असतात. '१५० मीटर' लिहितात, तेव्हा शेवटचं शून्य मोजलेलं की जागा भरायला ठेवलेलं हे कळत नाही. त्यांनी 1.5 × 10² किंवा 1.50 × 10² लिहिलं, तर आमच्याकडून शिस्त मागण्याचा हक्क त्यांना राहील. टॉवर खरोखर सेंटिमीटरपर्यंत मोजला असेल, तर १२.०० लिहा.

परवा मी पुढचं गणित करताना उत्तराखाली रेघ मारली आणि कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरचे सहा अंक तिथेच सोडून दिले. थोडं जड गेलं, पण जेवढं माहीत होतं तेवढंच लिहिलं.