जुन्या नोंदींचे दार एकाच कळीने

हर्सूलमधील एका सेवानिवृत्त गृहस्थांचे उदाहरण घेऊ. त्यांचे फेसबुक खाते २०१२ पासूनचे. त्या काळी नव्या खात्याची पहिली नोंद आपोआप Public, म्हणजे सर्वांसाठी खुली होत असे. २०१४ मध्ये ही प्रथा बदलली आणि नव्या सभासदांसाठी Friends हा पर्याय आला. जुने सभासद मात्र बहुधा जुन्याच सवयीने लिहीत राहिले. परिणामी घराच्या फाटकावरचा पत्ता, मुलीच्या विवाहाची छायाचित्रे आणि भरलेल्या हर्सूल तलावाचा एक सुंदर फोटो, असे सारे अनोळखी माणसालाही दिसत राहिले.

शेकडो नोंदी एकेक करून बंद करणे कंटाळवाणे. त्यासाठी Limit Past Posts ही सोय आहे. ती Settings मध्ये मिळते. तिची जागा वेळोवेळी बदलते, म्हणून तेथील शोधचौकटीत हेच नाव टाइप करावे. कळ दाबताच Public आणि ‘मित्रांचे मित्र’ या वर्गांतील सर्व जुन्या नोंदी एकदम Friends होतात. Only me ठेवलेल्या किंवा निवडक लोकांपुरत्या नोंदी तशाच राहतात.

येथे दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली, Friends म्हणजे नोंद लिहिली त्या दिवसाचे मित्र नव्हेत, तर आजचे. गेल्या आठवड्यात ज्याची विनंती स्वीकारली, तो परका गृहस्थही २०१३ चे फाटक पाहू शकतो. त्यामुळे खरे तर मित्रांची यादी आधी तपासायला हवी. बहुतेक जण नेमके हेच विसरतात. दुसरी, विवाहाच्या छायाचित्रात जावयाला टॅग केले असेल, तर जावई आणि त्यांचे मित्र ते पुढेही पाहू शकतात. ते नको असल्यास टॅगच काढावा लागतो. दुसऱ्याच्या भिंतीवर किंवा एखाद्या समूहात लिहिलेल्या मजकुरावर ही कळ चालत नाही, आणि कोणी फोटो उतरवून घेतला असेल तर त्यावरही नाही.

सर्वांत मोठी अडचण मात्र उलट दिशेची. ही कृती एका झटक्यात मागे घेता येत नाही. ज्या नोंदी पुन्हा खुल्या करायच्या, त्या शोधून प्रत्येकीचा प्रेक्षकवर्ग स्वतंत्रपणे बदलावा लागतो. म्हणून कळ दाबण्यापूर्वी आपल्या प्रोफाइलवरील View As उघडावे. परक्याला काय दिसते ते तेथे कळते. त्यातले जे खुलेच ठेवायचे, त्याची तारीख कागदावर टिपून ठेवावी. कळ दाबल्यावर तीच तपासणी पुन्हा करावी. सध्याचे मुखपृष्ठचित्र तरीही दिसेल, कारण ते खुलेच असते. नव्या नोंदींसाठीचा पर्याय वेगळा असल्याने तोही Friends करून घ्यावा, नाहीतर उद्याची नोंद पुन्हा Public जायची.

या गृहस्थांच्या बाबतीत यादीत एकच तारीख उरेल: तलावाच्या फोटोची. त्याचा दुवा अनेकांनी पुढे पाठवला आहे. कळ दाबल्यावर मित्र नसलेल्यांना तो दुवा रिकामा दिसेल. तेवढी एक नोंद उघडून पुन्हा Public केली, की तो पूर्ववत चालू होईल.