बिल भरलं, तरी दहा हजार अडकलेलेच

हॉटेल सोडलं, बिल भरलं, पावती घेतली, तरी कार्डाचे दहा हजार अडकलेले. कोयनानगरातल्या एका ओळखीच्या कुटुंबाचं गोव्याहून आल्यावर असं झालं. आणि कळलं कधी, तर कराडच्या दवाखान्यात 25 हजार ॲडव्हान्स भरताना कार्ड चाललं नाही तेव्हा.

कार्डाची मर्यादा 40 हजार, आधीची खरेदी 12 हजार. म्हणजे 28 हजार शिल्लक हवेत, ॲपमध्ये दिसत होते 18. मधले 10 हजार म्हणजे चेक-इनच्या वेळचं डिपॉझिट. गंमत अशी, की हे पैसे हॉटेलकडे गेलेलेच नव्हते. याला प्री-ऑथरायझेशन म्हणतात. हॉटेल बँकेला एवढी रक्कम राखून ठेवायला सांगतं आणि बँक तेवढी मर्यादा गोठवते. स्टेटमेंटमध्ये खर्च म्हणून ती येत नाही, त्यामुळे लक्षातही येत नाही. डेबिट कार्ड असेल तर खात्यातले आपलेच पैसे अडकतात.

निघताना बिल त्याच प्री-ऑथमधून वळतं केलं, तर उरलेली रक्कम सुटते. या कुटुंबाने बिल यूपीआयने दिलं. काउंटरवाल्याने पैसे आलेले बघितले आणि मशीनवरची जुनी नोंद रद्द करायची राहून गेली. मुदत संपली की ती आपोआप सुटते, पण बँक आणि कार्ड बघून त्याला काही दिवस लागतात, कधी महिनाही.

बँक म्हणते हॉटेलला विचारा, हॉटेल म्हणतं आमच्याकडे पैसे आलेच नाहीत. दोघंही खरंच बोलतात! हॉटेल ती रक्कम नंतर मागू शकतं, म्हणून बँक सहसा आपल्या एकट्याच्या शब्दावर ती सोडत नाही. तेव्हा आधी हॉटेलच्या अकाउंट्सवाल्याला गाठा. नोंद मशीनवरून रद्द करायला सांगा. ते जमत नसेल, तर 'ही रक्कम आम्ही घेणार नाही' असा ईमेल हॉटेलकडून बँकेला जाऊ द्या. त्यात तारीख, रक्कम, कार्डाचे शेवटचे चार अंक आणि चेक-इनच्या स्लिपवरचा ऑथरायझेशन कोड हवा. पूर्ण कार्ड नंबर किंवा ओटीपी यासाठी लागत नाही. कुणी मागितला तर फोन ठेवून द्या.

भाड्याच्या गाडीचंही हेच, फक्त दंडाच्या चलनासाठी किंवा ओरखड्यासाठी ते रक्कम मुद्दाम जास्त दिवस धरून ठेवतात. किती दिवस, ते करारात बघून घ्या.

मला राग याचा येतो, की एका मिनिटाच्या कामासाठी गिऱ्हाईकाने हेलपाटे का घालायचे? ज्याने रक्कम अडवली त्यानेच निघताना ती सोडून रद्द केल्याची स्लिप हातात द्यावी. पावसाळ्यात नवजाला येणाऱ्यांकडून कार्डावर डिपॉझिट घेणाऱ्या आपल्याकडच्या रिसॉर्टवाल्यांनाही हे सांगणं आहे.

हॉटेलचा ईमेल जाऊनही बँक हलली नाही, तर लेखी तक्रार करून नंबर घ्या. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. हॉटेलच दाद देत नसेल, तर ग्राहक हेल्पलाइन 1915.