मुंडावळ्या शार्प, डोळे मऊ

मे महिन्यात रत्नागिरीत तीन गोष्टी एकदम येतात : आंबा, चाकरमानी आणि लग्नं. घरात ज्याच्याकडे बरा कॅमेरा असतो, त्याला लग्नाच्या दिवशी पंगतीत धड बसायला मिळत नाही. यंदा तो मान माझा होता. मावसबहिणीचं लग्न. नवरीची खोली, खिडकीतून येणारा सकाळचा मऊ उजेड, ताई तयार होऊन बसलेली. मी ५० एमएमची लेन्स लावली, एफ/१.८ ठेवलं आणि जवळ जाऊन फोटो काढला. मागच्या स्क्रीनवर फोटो असा काही दिसला की मावशीने लगेच सांगून टाकलं, ‘हाच मोठा करून हॉलमध्ये लावायचा.’

रात्री लॅपटॉपवर फोटो शंभर टक्के मोठा केला आणि पोटात गोळा आला. मुंडावळीचा एकेक मणी मोजता येत होता. डोळे मात्र मऊ. पापण्यांचे केस एकमेकांत मिसळलेले.

मी अर्थातच कॅमेऱ्याला दोष दिला. आय डिटेक्शन चालू होतं, फोटो काढताना चौकोन बरोबर ताईच्या डोळ्यावर आला होता, हिरवाही झाला होता. मग हा मुंडावळीवर गेलाच कसा? तुमच्यापैकी अनेकांनी अशा वेळी हेच म्हटलं असेल : ‘आय एएफ फसवतं.’ आमच्या ओळखीचे एक जुने फोटोग्राफर काका तर म्हणतात, ‘ते चौकोन बंद करा आणि बॅक बटण शिका.’ दुसरीकडे आपल्या वयाची मंडळी म्हणतात की आय एएफ आल्यावर बॅक बटण कशाला हवं? मला वाटतं, दोन्ही बाजू अर्धं बोलतायत. माझा फोटो बिघडला तो या दोन्ही गोष्टी एकत्र न वापरल्यामुळे.

आधी ती पट्टी किती बारीक असते ते बघू. क्रॉप सेन्सर, ५० एमएम, एफ/१.८ आणि चेहऱ्यापासून अंतर एक मीटर. या हिशेबात शार्प दिसणारी जागा जेमतेम पावणेतीन सेंटीमीटर. म्हणजे डोळ्याच्या पुढे साधारण सव्वा सेंटीमीटर आणि मागे तेवढंच. नाकाचा शेंडा तर या पट्टीच्या बाहेरच राहतो. आणि मुंडावळी कुठे लोंबते? कानशिलाजवळ, डोळ्याच्या तीनेक सेंटीमीटर मागे.

आता माझ्या फोटोत काय झालं ते लक्षात येईल. माझा कॅमेरा AF-S वर होता, म्हणजे शटर अर्धं दाबलं की एकदा फोकस करायचा आणि तिथेच थांबायचं. कॅननवाल्यांकडे यालाच One Shot म्हणतात. चौकोन हिरवा झाला तेव्हा फोकस खरोखर डोळ्यावरच होता. मग मी ताईच्या हसण्याची वाट बघत दोन सेकंद थांबले. तेवढ्यात कुणीतरी काही बोललं, ताई हसताना किंचित पुढे झुकली. तीन सेंटीमीटर असेल, जास्त नाही. पट्टी जिथे होती तिथेच राहिली. डोळे तिच्यातून पुढे निघून गेले आणि मागची मुंडावळी तिच्यात येऊन बसली. कॅमेऱ्याने डोळा अचूक शोधला होता. त्यानंतरच्या दोन सेकंदांत त्याला काही करायची परवानगी मीच दिली नव्हती.

म्हणून पहिला बदल हा : आय डिटेक्शन वापरायचं तर AF-C वर, कॅननमध्ये Servo वर. मग माणूस जसा हलेल तसा कॅमेरा डोळ्यामागे लेन्स हलवत राहतो. फक्त यात एक अडचण आहे. शटर अर्धं दाबून धरलंय तोवर कॅमेरा फोकस करतच राहतो, आणि नको तेव्हा त्याला थांबवायचं कसं, हा प्रश्न उरतो. इथे बॅक बटण कामाला येतं.

बॅक बटण फोकस ही नवी युक्ती नाही. कॅननने ती १९८९ मध्ये ईओएस ६३० या फिल्म कॅमेऱ्यात दिली, तेव्हा आपल्यापैकी कुणी जन्मालाही आलं नव्हतं. कल्पना अगदी साधी : शटरच्या बटणाकडून फोकसचं काम काढून घ्यायचं आणि ते मागे अंगठ्याखालच्या AF-ON बटणाला द्यायचं. तर्जनी फक्त फोटो काढणार, अंगठा फक्त फोकस करणार. सोनीत AF w/ Shutter बंद करायचं. निकॉनमध्ये AF activation ला AF-ON only करायचं. कॅननच्या मिररलेसमध्ये बटणांच्या सेटिंगमध्ये जाऊन शटर अर्धं दाबल्यावर फक्त Metering start ठेवायचं. सोनीच्या जुन्या बॉडींत आय एएफ वेगळ्या बटणाला द्यावं लागतं, तेव्हा तेच बटण अंगठ्याखाली घ्या.

आता यातली एक चूक, जी आपल्याकडे बरेच जण शिकवतात. ‘मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस कर, अंगठा सोड आणि मग फ्रेम बदल.’ एफ/८ वर हे चालतं, एफ/१.८ वर जवळून नाही. कॅमेरा फिरवला की शार्प पट्टीही त्याच्याबरोबर फिरते. एक मीटरवर आठ अंश कॅमेरा खाली वळवला, तर पट्टी डोळ्याच्या जवळपास एक सेंटीमीटर मागे सरकते. आपल्याकडे होतंच सव्वा सेंटीमीटर! उरलेलं पाव सेंटीमीटर तुमच्या श्वासाने आणि समोरच्याच्या हलण्याने सहज संपतं. त्यामुळे पोर्ट्रेट काढताना आधी फ्रेम लावा, मग अंगठा दाबा आणि फोटो निघेपर्यंत तो दाबूनच ठेवा. बॅक बटणाचा उपयोग अंगठा सोडण्यात आहे खरा, पण रोजचं काम तो दाबून ठेवण्याचंच आहे.

मग सोडायचा कधी? याचं उत्तर मला पंधरा दिवसांनी दुसऱ्या लग्नात मिळालं. हार घालण्याची वेळ. नवरीचा चेहरा फ्रेममध्ये, अंगठा दाबलेला, छोटा चौकोन तिच्या जवळच्या डोळ्यावर. नवरदेवाने झेंडूचा हार उचलला आणि तो तिच्या चेहऱ्यासमोर आला. डोळा झाकला की कॅमेरा दुसरं काहीतरी शोधणार, आणि सगळ्यात जवळ तो हारच. एकदा लेन्स हारावर गेली की परत यायला वेळ लागतो, आणि तो क्षण तेवढ्यात संपतो. म्हणून हार डोळ्यासमोर यायला लागला त्याच क्षणी मी अंगठा उचलला. लेन्स जिथे होती तिथेच थांबली. हार गळ्यात पडला, डोळे दिसले, अंगठा पुन्हा दाबला आणि लागोपाठ तीन फोटो घेतले. हार घालून घेताना नवरी मान पुढे करते, त्यामुळे पुन्हा दाबणं विसरून चालत नाही. तीनपैकी दोन फोटोंत पापण्या मोजता येत होत्या.

अंगठा कधी उचलायचा याची खूण कॅमेराच देतो. डोळ्यावरचा छोटा चौकोन अचानक मोठा होऊन पूर्ण चेहऱ्यावर आला, की समजा डोळा त्याच्या हातातून निसटलाय. कन्यादानाच्या वेळी नवरी खाली बघते, पापण्या मिटल्यासारख्या दिसतात, तेव्हा हे होतं. भाट्याच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताला माणूस उजेडाकडे पाठ करून उभा असतो आणि चेहरा काळा पडतो, तेव्हाही होतं. चौकोन मामाच्या किंवा भटजींच्या डोळ्यावर उडी मारतो, तेही याच जातीचं. अशा वेळी त्याच्याशी झगडत बसू नका. एक छोटा पॉइंट निवडा, तो डोळ्यावर ठेवा आणि त्यानेच फोकस करा.

जुन्या डीएसएलआरवाल्यांनी इथे निराश व्हायचं कारण नाही. बहुतेक डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून आय डिटेक्शन मिळत नाही, पण बॅक बटण मिळतं. कॅनन १५००डीला AF-ON बटण नाही, तरी कस्टम फंक्शनमधून तारेच्या बटणाला हे काम देता येतं. त्याच्या नऊ पॉइंटांपैकी डोळ्याच्या सगळ्यात जवळचा निवडा, म्हणजे फ्रेम जेमतेम हलवावी लागेल. २००डी मार्क टू असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये आय डिटेक्शनही आहे.

आणि फोटो मऊ आला की कॅमेऱ्याला शिव्या घालण्याआधी तो शंभर टक्क्यांवर बघा. डोळे मऊ पण कान किंवा मुंडावळी शार्प असेल, तर पट्टी मागे पडली. नाक शार्प असेल, तर पुढे पडली. एक डोळा शार्प आणि दुसरा मऊ असेल, तर फोकस बरोबर आहे, चेहरा वळलेला आहे. दोन्ही हवे असतील तर एफ/२.८ करा. पट्टी सव्वाचार सेंटीमीटर होईल, आयएसओ मात्र दुपटीहून जास्त वाढवावा लागेल. आणि सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल, तर तो फोकसचा प्रश्नच नाही. कॅमेरा हललाय, शटरचा वेग वाढवा.

हे हातात बसायला मला आठवडा लागला. मैत्रिणीला मांडवीच्या जेटीवर माझ्या दिशेने चालत यायला सांगायचे आणि अंगठा दाबून ठेवून फोटो काढत राहायचे. मधेच ती ओढणी चेहऱ्यासमोर धरायची आणि मी अंगठा उचलायचे. पहिल्या दोन दिवशी तर अंगठा दाबायचंच विसरत होते आणि सगळेच फोटो धूसर येत होते. म्हणूनच एक सूचना : सवय झाल्यावर कॅमेरा काकांच्या हातात देऊन ‘आमचा एक काढा’ म्हणाल, तेव्हा आधी सेटिंग बदला. काका फक्त शटर दाबणार, फोकस होणारच नाही, आणि दोष त्यांच्या नावावर जाईल.

ताईचा तो फोटो मावशीने शेवटी मोठा केलाच, मी नको म्हणत असताना. हॉलमध्ये लावलाय. लांबून छान दिसतो. येणारे-जाणारे कौतुक करतात. मी मात्र त्या घरी गेले की त्याच्याकडे पाठ करून बसते, कारण मला पहिल्यांदा मुंडावळ्याच दिसतात.