आधी कोणतं कॅड?

मेकॅनिकलची मुलं सवयीने आधी ऑटोकॅड शिकतात. सिव्हिल आणि आर्किटेक्चरच्या नकाशांसाठी ती सुरुवात योग्यच, रेव्हिट त्यानंतर. पण यंत्राचे भाग घडवायचे असतील तर मी आधी सॉलिडवर्क्स शिका म्हणेन. का ते पाहायला त्यात १०० मिलिमीटर लांबीची पट्टी काढा, मधोमध भोक पाडा आणि मग लांबी १२० करा. भोकाला एका कडेपासून ५० मिलिमीटर असं माप दिलं असेल, तर ते तिथेच राहतं आणि मध्य चुकतो. तेच मध्यरेषेला बांधलं असेल, तर आपोआप ६०वर सरकतं. स्केचमधली रेष निळी दिसली, की काहीतरी बांधायचं राहिलंय. ती काळी होईपर्यंत पुढे जाऊच नका. वाहन उद्योगातल्या कॅटिया आणि एनएक्समध्येही स्केच असंच बांधावं लागतं.