हिमोग्लोबिन चांगले, मग पायाला मुंग्या कशाने? शाकाहारी माणसाने जिभेकडेही पाहावे

दोन्ही तळपायांना मुंग्या येतात आणि जीभ लाल होऊन झोंबते, ही दोन दुखणी लोक दोन वेगळ्या ठिकाणी घेऊन जातात. मुंग्यांसाठी मालिशचे तेल आणि हाडांचा डॉक्टर, जिभेसाठी ‘उष्णता वाढली’ म्हणून गुलकंद किंवा मेडिकलमधली बी-कॉम्प्लेक्सची गोळी. शाकाहारी माणसात मात्र दोन्हींचे मूळ बरेचदा एकच निघते. ते म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. ती ओळखायला उशीर होण्याचे मोठे कारण म्हणजे रक्ताच्या साध्या तपासणीवर ठेवलेला भरवसा.

पाय आणि जीभ यांचा संबंध काय?

बी-१२ शरीरात मुख्यतः दोन कामांना लागते. पहिले काम नव्या पेशी तयार करण्याचे. जिभेवरच्या पेशी सतत झिजतात आणि काही दिवसांत बदलतात. बी-१२ कमी पडले की हा बदल नीट होत नाही. जिभेवरचे बारीक दाणे नाहीसे होतात, ती गुळगुळीत, चकाकणारी आणि लालभडक दिसू लागते. भाजीतले तिखट सोडाच, गरम चहाही झोंबतो.

दुसरे काम नसांचे आवरण शाबूत ठेवण्याचे. विजेच्या तारेवर प्लास्टिकचे वेष्टन असते तसे नसांवर मायलिनचे असते. ते खराब झाले की संदेश अडखळतात. सर्वात लांब नसा पायांच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून त्रास तिथून सुरू होतो आणि दोन्ही पायांत जवळपास सारखाच असतो. एकाच पायात कळ जात असेल, तर कंबरेच्या मणक्याकडे आधी पाहावे लागते.

हेच नुकसान पुढे मज्जारज्जूत पोहोचते. तेव्हा पाय कुठे पडतोय ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, अंधारात चालताना भिंतीचा आधार लागतो, पायातली चप्पल निसटल्याचे समजत नाही. इथवर आलेले दुखणे ‘अशक्तपणा’ म्हणून घरी काढण्यासारखे नाही.

दूध-दही खाऊनही कमी का पडते?

बी-१२ कोणतीही वनस्पती बनवत नाही. ते जिवाणू बनवतात आणि आपल्याला मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळते. मोड आलेली मटकी, पालेभाज्या, आंबवलेली इडली यांवर त्यासाठी विसंबता येत नाही. स्पिरुलिनाच्या गोळ्यांत सापडणारा पदार्थ बी-१२ सारखा दिसतो, पण माणसाच्या शरीरात काम करत नाही.

उरते दूध. प्रौढ माणसाची रोजची गरज सव्वादोन मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. १०० मिलिलिटर दुधातून साधारण अर्धा मायक्रोग्रॅमही मिळत नाही, आणि दूध पुन्हा पुन्हा उकळले की त्यातलाही काही भाग जातो. दोन कप चहातले दूध आणि जेवणातले वाटीभर दही एवढ्यावर निम्मी गरजही भागत नाही.

तरीही त्रास लगेच होत नाही, कारण यकृतात काही वर्षे पुरेल एवढा साठा असतो. म्हणूनच ‘आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी, कधी काही झाले नाही’ हा युक्तिवाद फसवा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात बी-१२ कमी होते. अर्थात पातळी कमी असलेल्या प्रत्येकाला लक्षणे असतातच असे नाही. पण ज्याला लक्षणे आहेत त्याच्याबाबत शंका घ्यायला एवढे प्रमाण पुरेसे आहे.

हिमोग्लोबिन कसे फसवते?

पुस्तकी चित्र असे की बी-१२ कमी झाले की आधी रक्तक्षय होतो, रक्तपेशी आकाराने मोठ्या होतात, आणि मग नसा बिघडतात. प्रत्यक्षात हा क्रम पाळला जात नाही. लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत बी-१२ अभावी मज्जासंस्थेचा त्रास झालेल्या १४१ रुग्णांची माहिती मांडली. त्यांतल्या ४० जणांना ना रक्तक्षय होता ना पेशी मोठ्या झाल्या होत्या.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. लोहाच्या कमतरतेने रक्तपेशी लहान होतात, बी-१२ च्या कमतरतेने मोठ्या. दोन्ही एकदम असतील तर सरासरी आकार, म्हणजे अहवालातला ‘एमसीव्ही’चा आकडा, नॉर्मल येतो.

उदाहरणादाखल पुण्यातल्या ४८ वर्षांच्या एका शिक्षिकेचा विचार करू. त्या शाकाहारी आहेत, अंडे खात नाहीत. मधुमेहासाठी सहा वर्षे मेटफॉर्मिन चालू आहे आणि रोज सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीची गोळी. चार महिन्यांपासून तळव्यांना मुंग्या येतात, मधूनमधून जीभ सोलवटते. हिमोग्लोबिन १२.१, एमसीव्ही ८८. अहवालात लाल अक्षरात काहीच नाही. ‘शुगरमुळे नसा कमजोर झाल्यात’ असे ठरते आणि मुंग्या दबवणारी गोळी सुरू होते.

या निष्कर्षात तीन गोष्टी सुटल्या. आहारातून बी-१२ मुळातच थोडे मिळत होते. अन्नातल्या प्रथिनांपासून ते सुटे करायला जठरातले आम्ल लागते, ते अ‍ॅसिडिटीच्या गोळीने कमी केले. आणि सुटे झालेले बी-१२ आतड्यातून शोषले जाण्यात मेटफॉर्मिन अडथळा आणते. मधुमेहाने पायांना मुंग्या येतात हे खरेच, पण त्याने जीभ गुळगुळीत होत नाही. रक्तातले बी-१२ तपासले असते तर ते, समजा, १४० पिकोग्रॅम आले असते. २०० च्या खाली सहसा कमतरता मानतात. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा आहे. तिथे लक्षणे असतील तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्ल या तपासण्यांनी उलगडा होतो. म्हणून काय, तर मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नये; बी-१२ भरून काढता येते.

आधी गोळी घेऊन पाहिली तर?

इथेच सर्वात जास्त घोटाळा होतो, आणि त्याला मुंबईचा इतिहास आहे. ब्रिटिश डॉक्टर ल्युसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरणी कामगार गरोदर स्त्रियांना होणाऱ्या, मोठ्या रक्तपेशींच्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल.

नंतर डॉक्टरांच्या लक्षात आले की बी-१२ ची कमतरता असलेल्याला एकटे फॉलिक आम्ल दिले तर रक्त सुधारते, नसा मात्र बिघडतच राहतात. म्हणजे धोक्याची घंटा बंद होते आणि आग चालू राहते. त्यामुळे शाकाहारी माणसाला मुंग्या येत असताना नुसत्या लोह-फॉलिकच्या गोळ्यांवर ठेवणे चूक आहे. गरोदरपणात या गोळ्या आवश्यकच असतात, त्या थांबवायच्या नाहीत. प्रश्न सोबत बी-१२ पाहण्याचा आहे.

दुसरा घोटाळा क्रमाचा. आठवडाभर बी-१२ च्या गोळ्या घेतल्या की रक्तातला आकडा वर जातो. मग तपासणी नॉर्मल येते आणि खरे कारण झाकले जाते. आधी रक्त द्यावे, मग गोळी घ्यावी, एवढा साधा नियम पाळला तर बराच गोंधळ टळेल. तिसरी गोष्ट, नसांच्या काही गोळ्यांत बी-६ मोठ्या प्रमाणात असते. ते दीर्घकाळ घेतल्यास त्यानेच पायांना मुंग्या येऊ शकतात.

उपचार किती दिवस?

मुंग्या, बधिरपणा, तोल जाणे अशी लक्षणे असतील तर सहसा इंजेक्शनने सुरुवात करतात. प्रत्येक वेळी १००० मायक्रोग्रॅम, आधी रोज किंवा दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. वेळापत्रक डॉक्टर ठरवतात. लक्षणे सौम्य असतील तर गोळीही चालते. आतडे नेहमीच्या मार्गाने एका वेळी दोनेक मायक्रोग्रॅमच शोषते, पण मोठ्या मात्रेतला सुमारे एक टक्का त्या मार्गाशिवायही आत शिरतो. १००० मायक्रोग्रॅममधून असे दहाएक मिळतात आणि ते रोजच्या गरजेला पुरून उरतात.

जीभ काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत सुधारते. हिमोग्लोबिन कमी झाले असेल तर ते दोनेक महिन्यांत भरते. नसांना मात्र अनेक महिने लागतात आणि सुरुवातीला मुंग्या थोड्या वाढल्यासारख्याही वाटतात. तेवढ्यावरून औषध सोडू नये. वर्षभर दुर्लक्ष झालेले नुकसान पूर्ण भरून येईलच याची हमी नसते. उशीर महाग पडतो तो यामुळे.

जीभ बरी झाली, दहा इंजेक्शने झाली, की लोक थांबतात. पण आहार तोच, मेटफॉर्मिन तेच, तर काही काळाने कमतरता परत येणार हे उघड आहे. कारण कायम असेल तर कमी मात्रेची गोळीही कायम हवी. आहार बरा असूनही कमतरता पुन्हा पुन्हा येत असेल तर जठराचा आजार शोधावा लागतो.

यासाठी शाकाहार सोडायचा का?

नाही. माळकरी आणि जैन घरांत हाच प्रश्न उपचाराच्या आड येतो आणि तो गैरसमजातून येतो. औषधातले बी-१२ जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते, प्राण्यांच्या अवयवांतून काढलेले नसते. कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असू शकते. तेवढे टाळायचे तर साधी गोळी मागावी.

बदलायची आहे ती सवय. शाकाहारी माणसाला दोन्ही पायांत मुंग्या येत असतील, त्यात जीभही दुखत असेल, तर हिमोग्लोबिन कितीही असो, बी-१२ ची तपासणी पहिल्याच भेटीत लिहिली गेली पाहिजे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्या शाकाहारी रुग्णाची ती ठरावीक काळाने व्हायला हवी. आणि रुग्णानेही मुंग्यांची तक्रार सांगताना जिभेची, आहाराची आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळीची गोष्ट त्याच भेटीत, त्याच डॉक्टरला सांगितली पाहिजे.