बॅकअप दोन आहेत, पण खरी कॉपी कोणती?

लग्नाचे, उद्घाटनाचे, जाहिरातीचे व्हिडिओ करणारे बरेच जण मला सांगतात, "सर, आपल्याकडे दोन हार्ड डिस्कवर बॅकअप आहे." मी पुढे एकच विचारतो. उद्या दोन्हींवरची फाइल वेगवेगळी निघाली, तर खरी कोणती हे कसं ठरवणार? इथे बहुतेक जण गप्प होतात. माझं मत सरळ आहे : जो तपासता येत नाही, तो बॅकअप धरूच नका.

कारण फाइल सांगून खराब होत नाही. डिस्क जुनी होते, कॉपी होताना केबल हलते, आणि फाइलमधला छोटासा तुकडा बिघडतो. नाव तेच, साइझ तेवढीच, थंबनेलही दिसतो. नवव्या मिनिटाला मात्र चित्र फाटतं किंवा हिरवे चौकोन येतात. तिथपर्यंत बघतं कोण? आणि दोन डिस्क आपोआप सिंक करणारं सॉफ्टवेअर लावलं असेल, तर एकीकडे चुकून डिलीट झालेली फाइल दुसरीकडूनही जाऊ शकते.

एक काम धरून चालू. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीवर तुम्ही 12 मिनिटांची फिल्म केली. ढोल, बुध्या, गेर, गावातल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती, असं सगळं. दहा वर्षांनी हीच फिल्म कुणीतरी मागणार, कारण त्यातली माणसं तेव्हा असतीलच असं नाही.

एडिटिंगची प्रोजेक्ट फाइल ठेवून भागत नाही. ती त्या सॉफ्टवेअरवर, प्लगइनवर आणि फॉन्टवर अवलंबून असते. म्हणून आधी सगळ्यात चांगल्या दर्जाची फायनल फाइल बाहेर काढा आणि ffmpeg या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने तिची खुल्या फॉरमॅटमधली फाइल बनवा :

```
ffmpeg -i final.mov -c:v ffv1 -level 3 -g 1 -slicecrc 1 -c:a flac final.mkv
```

यात चित्राचा आणि आवाजाचा दर्जा जराही कमी होत नाही. FFV1 ची पूर्ण रचना जाहीर आहे, त्यामुळे एखादी कंपनी बंद पडली म्हणून फाइल अडकत नाही. शिवाय slicecrc मुळे चित्राच्या प्रत्येक तुकड्याची खूण फाइलच्या आतच राहते. फुल एचडीची 12 मिनिटं साधारण 20 ते 30 जीबी घेतील. प्रत्येक वाढदिवसासाठी एवढं करू नका. तिथे चांगल्या बिटरेटची एमपी4 पुरते, ती सगळीकडे चालते.

मग नोंद. त्याच फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा : तारीख, गाव, कोण बोलतंय, भाषा कोणती (भिली, पावरी की अहिराणी), संगीत कुठलं, परवानगी कुणाची. ती युनिकोडमध्ये टाइप करा आणि सेव्ह करताना UTF-8 निवडा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर कसं दिसतं, ते डीटीपीवाल्या कुणालाही विचारा. नोंद व्हिडिओच्या आत भरू नका. का, ते लगेच कळेल.

कारण आता फाइलचा ठसा घ्यायचा. विंडोजमध्ये :

```
certutil -hashfile final.mkv SHA256
```

64 अक्षरांचा एक कोड येतो. तो नोंदीच्या फाइलमध्ये चिकटवा, वहीतही त्याची पहिली आठ अक्षरं लिहा. फाइलचं नाव बदललं तरी हा कोड बदलत नाही. आत एक शब्द जरी घातला तरी पूर्ण बदलतो. दोन्ही डिस्कवर कॉपी केल्यावर तिथेही हीच कमांड चालवा. तिन्ही कोड जुळल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

पुढे दिवाळीला आणि आखाजीला डिस्क काढायच्या आणि कोड पुन्हा बघायचे. सणाला जोडलं की विसरत नाही. एका डिस्कवर कोड जुळला नाही, तर ज्या डिस्कवर जुळतो तिथली फाइल घेऊन नव्या डिस्कवर कॉपी करा. खराब डिस्कवर परत भरोसा नको. कोड फक्त बिघाड दाखवतो, दुरुस्त करत नाही. म्हणून दुसरी कॉपी लागतेच.

दोन्ही डिस्क एकाच दुकानात मात्र नकोत. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुने चित्रपट कायमचे गेले. आपल्याकडे आग सोडा, मे महिन्यात पत्र्याच्या माळ्यावरची उष्णताही डिस्कला पुरेशी वाईट. एक दुकानात, एक घरी, शक्य असेल तर दुसऱ्या गावी. डिस्क वेगवेगळ्या कंपनीच्या घ्या, म्हणजे एकाच लॉटचा दोष दोन्हीकडे येणार नाही. एसएसडी कपाटात वर्षानुवर्षं ठेवायला मला पटत नाही, कारण वीज न मिळता पडून राहिली तर तिच्यातला डेटा उडू शकतो.

याचे पैसे घ्या. 4 टीबीच्या डिस्कवर अशा दीडशेच्या आसपास फिल्म बसतात. दोन डिस्कची किंमत दीडशेने भागा, सहा महिन्यांच्या तपासणीचा तुमचा वेळ धरा, आणि कोटेशनमध्ये "पाच वर्षं जतन" अशी वेगळी ओळ टाका. पाच वर्षांनी डिस्क बदलायची वेळ येईल, तेव्हा गिऱ्हाइकाला फोन करून विचारा : पुढे ठेवू, की फाइल घेऊन जाता?